साठा अडकलाय, पण नेमका कुठे?

कंपनीच्या ताळेबंदात ‘इन्व्हेंटरीज’ म्हणून एकच आकडा असतो. त्याच्या बाजूला नोटचा क्रमांक असतो आणि बहुतेक भागधारक ती नोट उघडून बघत नाहीत. ती बघायलाच हवी. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीनुसार तिथे साठ्याची फोड द्यावी लागते. कच्चा माल, प्रक्रियेतला अर्धवट माल, तयार माल, विक्रीसाठी बाहेरून आणलेला माल आणि सुटे भाग असे त्यात निरनिराळे आकडे असतात. एकूण बेरजेवरून पैसा किती अडकलाय ते समजतं. तो का अडकला, याचा अंदाज फोडीवरूनच येतो.

पाण्याचे पंप बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. गेल्या मार्चअखेर तिच्याकडे ४० कोटींचा कच्चा माल, १२ कोटींचा अर्धवट माल आणि २८ कोटींचा तयार माल, असा ८० कोटींचा साठा होता. यंदा कच्चा माल ३० कोटी, अर्धवट १५ आणि तयार ५५, म्हणजे एकूण १०० कोटी. विक्री मात्र ४०० कोटींवरून जेमतेम ४१० कोटींवर गेली.

अध्यक्षांच्या भाषणात ‘वाढत्या मागणीसाठी साठा केला’ असं वाक्य असू शकतं. पण मागणी वाढणार असं खरोखर वाटत असतं, तर कारखान्याने तांबं, ओतीव भाग, मोटारीची तार जास्त आणून ठेवली असती. इथे तयार माल जवळजवळ दुप्पट झालाय आणि कच्च्या मालाची खरेदी आखडलीय. गोदामात पंप पडून आहेत आणि खरेदी विभागाने हात आवरता घेतलाय, असाच याचा संशय येतो. उलट चित्र असतं, म्हणजे कच्चा माल वाढलेला आणि तयार माल उतरलेला, तर मी इतकी काळजी केली नसती. तेव्हा फक्त एवढंच तपासायचं, की मोठ्या ऑर्डरसाठी खरेदी झालीय की भाव वाढण्याच्या भीतीने.

तयार साठ्याचा नफ्याशी थेट संबंध असतो, आणि तिथेच वाचक फसतो. पंपाच्या उत्पादनखर्चात तांब्या-लोखंडाबरोबर कारखान्याचे पगार, भाडं आणि यंत्रांचा घसारा यांचाही वाटा धरतात. पंप विकला गेला नाही, तर हा वाटा त्या वर्षीच्या खर्चात न येता साठ्याच्या किमतीत जाऊन बसतो. आपल्या कंपनीच्या वाढलेल्या २७ कोटींच्या तयार मालात असा स्थिर खर्च ५ कोटींचा आहे आणि करपूर्व नफा २० कोटींचा आहे, असं धरू. विकले तेवढेच पंप बनवले असते, तर हे ५ कोटी याच वर्षी नफ्यातून गेले असते. यात नियम मोडलेला असेलच असं नाही. नेहमीच्या क्षमतेनुसार उत्पादन केलं असेल, तर हिशोबाची पद्धत हीच आहे. पण त्या नफ्याचा चौथा हिस्सा पुढच्या वर्षी पंप विकले जाण्यावर अवलंबून आहे, हे भागधारकाला माहीत असायला हवं.

आता त्याच नोटखालची बारीक अक्षरं वाचा. साठा उत्पादनखर्च किंवा निव्वळ विक्रीमूल्य, यांत जे कमी असेल त्या किमतीला दाखवायचा असतो. ८,००० रुपयांत पडलेला पंप ७,५०० ला विकला जाणार असेल आणि विक्रीला ३०० रुपये खर्च येणार असेल, तर ताळेबंदात त्याची किंमत ७,२०० च धरली पाहिजे. किंमत अशी किती उतरवली, तेही जाहीर करावं लागतं. तयार माल दुप्पट झाला आणि उतरवलेली रक्कम नगण्य असेल, तर वार्षिक सभेत विचारण्याजोगा प्रश्न हाच.

अर्धवट मालाकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. विक्री स्थिर असताना तो फुगत गेला, तर एखादा सुटा भाग मिळत नसेल, चाचणीत माल नापास होत असेल किंवा ग्राहकाने ऑर्डर थांबवली असेल. शिवाय काम किती टक्के झालं, हे बऱ्याचदा कंपनीच्याच अंदाजाने ठरतं, त्यामुळे हा आकडा सर्वांत लवचीक असतो. जहाजबांधणीत काम वर्षानुवर्षं चालतं, तिथे मात्र तो मोठा असणं स्वाभाविक आहे.

धंद्याचा स्वभाव न ओळखता ही फोड वाचली, तर हकनाक घाबरायला होतं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याचा मार्चअखेरचा ताळेबंद घ्या. ऊस साठवून ठेवता येत नाही, तो लगेच गाळावा लागतो, म्हणून कच्चा माल नावालाच दिसतो. गाळप नुकतंच संपलेलं किंवा संपत आलेलं असतं, त्यामुळे गोदामं साखरेने भरलेली असतात. ही साखर पुढे वर्षभर विकायची असते. अशा ठिकाणी यंदाच्या मार्चची तुलना मागच्या मार्चशीच करायची आणि गाळप किती झालं तेही सोबत बघायचं.

पंपांच्या कंपनीत पुढे काय झालं, हे बघायला वर्षभर थांबावं लागत नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिच्या तिमाही निकालात खर्चाखाली ‘साठ्यातील बदल’ अशी ओळ असते. तिथे कंसातला आकडा असेल, तर साठा वाढलाय. कंस नसेल, तर साठा उतरलाय. जून आणि सप्टेंबरच्या तिमाहीतही कंस कायम राहिला आणि विक्री जागची हलली नाही, तर ते पंप अजून गोदामातच आहेत असं समजायला हरकत नाही.