उलट्या वाटेनं पाणी तापवताना

डिसेंबर 2018 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला न्यूरिप्स ही यंत्रशिक्षणाची परिषद भरली. त्या वर्षी सर्वोत्तम ठरलेल्या चार शोधनिबंधांत टोरांटो विद्यापीठातला एक निबंध होता. रिकी चेन, युलिया रुबानोव्हा, जेसी बेटनकोर्ट आणि डेव्हिड डुवेनो हे त्याचे लेखक. निबंधाचा विषय होता ‘न्यूरल ऑर्डिनरी डिफरन्शियल इक्वेशन्स’. त्यातली कल्पना दोन ओळींत मांडता येते, पण ती अमलात आणायची तर एक जुनी, काहीशी धाडसी युक्ती वापरावी लागते. त्या युक्तीचं नाव अ‍ॅडजॉइंट पद्धत. ती कधी बिनबोभाट चालते आणि कधी दगा देते, हे एका साध्या गणितातून पाहता येतं.

आधी कल्पना. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘रेसनेट’ नावाचं न्यूरल नेटवर्क तयार केलं. त्याच्या एका आवृत्तीत 152 थर होते. या नेटवर्कमधला प्रत्येक थर आधीच्या थराचं उत्तर पुसून नवं लिहीत नाही, तर त्यात थोडीशी भर घालतो. नवी स्थिती म्हणजे जुनी स्थिती अधिक एक छोटा बदल. गणिताच्या माणसाला ही रचना ओळखीची वाटते, कारण अठराव्या शतकात ऑयलरनं डिफरन्शियल इक्वेशन सोडवण्यासाठी नेमकी हीच रीत सांगितली होती: आत्ताचा वेग पाहा, छोटं पाऊल टाका, पुन्हा वेग पाहा.

टोरांटोच्या चमूनं प्रश्न उलटा विचारला. थर ही जर पावलंच असतील, तर ती मोजून का ठेवायची? नेटवर्कनं फक्त बदलाचा वेग सांगावा, `dz/dt = f(z, t, θ)`. इथे z ही स्थिती आणि θ म्हणजे शिकायचे आकडे. किती पावलं टाकायची आणि कुठे लांब, कुठे आखूड, हे सॉल्व्हर नावाच्या प्रोग्रॅमनं ठरवावं. असे सॉल्व्हर अनेक दशकांपासून तयार आहेत. सर्वांत जास्त वापरला जाणारा 1980 च्या डॉर्मंड-प्रिन्स सूत्रांवर चालतो. तो दर पावलाला आपल्या चुकीचा अंदाज घेतो आणि चूक ठरवलेल्या मर्यादेबाहेर जात असेल तर पाऊल आखडतं घेतो. हस्तलिखित अंक ओळखण्याच्या कसोटीवर या नव्या नेटवर्कची चूक 0.42 टक्के आली, तर तुलनेसाठी घेतलेल्या रेसनेटची 0.41. शिकायचे आकडे मात्र सहा लाखांवरून सव्वादोन लाखांच्या आत आले.

आता अडचण. नेटवर्क शिकतं ते चुकीवरून. उत्तर किती चुकलं ते मोजायचं आणि प्रत्येक θ थोडा हलवला तर ती चूक किती बदलेल, हा दर काढायचा. या दराला ग्रेडियंट म्हणतात. नेहमीच्या बॅकप्रोपगेशनमध्ये हा हिशेब शेवटच्या थरापासून मागे येत करतात. त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक थराची स्थिती स्मृतीत साठवलेली असावी लागते. सॉल्व्हरनं शंभर पावलं टाकली आणि डॉर्मंड-प्रिन्समध्ये दर पावलाला सहा वेळा f काढला, तर सहाशे वेळच्या स्थिती साठवायच्या. त्यातही f स्वतः अनेक थरांचं नेटवर्क असेल, तर त्याच्या आतल्या स्थिती वेगळ्याच. ग्राफिक्स कार्डाची स्मृती बघता बघता भरते.

यावरचा उपाय एका उदाहरणातून पाहू. एका भांड्यात गरम पाणी आहे, खोलीपेक्षा 60 अंशांनी जास्त. हा जादा भाग z. तो जितका मोठा, तितका निवण्याचा वेग जास्त, म्हणून `dz/dt = −k·z`. इथे शिकायचा आकडा एकच, k. आपला पहिला अंदाज मिनिटाला 0.05. 20 मिनिटांनी समीकरण सांगतं, z = 60 × e⁻¹, म्हणजे 22.07 अंश. थर्मामीटर मात्र 20 दाखवतो. फरक 2.07. त्याच्या वर्गाचा निम्मा भाग ही आपली चूक L, म्हणजे 2.15.

अ‍ॅडजॉइंट पद्धत प्रत्येक क्षणासाठी a(t) नावाची एक नवी राशी मानते. त्या क्षणी z जरासा हलवला, तर शेवटची चूक किती हलेल, याचं ते माप. शेवटच्या क्षणी उत्तर उघड आहे: a = 2.07. तिथून मागे येताना a स्वतःच एक डिफरन्शियल इक्वेशन पाळतं, `da/dt = −a·∂f/∂z`. आपल्या उदाहरणात ∂f/∂z म्हणजे −k, म्हणून मागे येता येता a घटतं आणि सुरुवातीला 0.76 उरतं. त्यात तथ्य आहे: पाणी निवताना सुरुवातीचा फरकही विरत जातो, त्यामुळे अगदी सुरुवातीला अर्धा-एक अंश इकडेतिकडे झाला तरी शेवटी त्याचा परिणाम कमीच.

मग k चा ग्रेडियंट. प्रत्येक क्षणी a ला ∂f/∂k नं, म्हणजे −z नं, गुणायचं आणि 20 मिनिटांची बेरीज घ्यायची. इथे मागे येताना a जितक्या पटीनं घटतं तितक्याच पटीनं z वाढतं, म्हणून गुणाकार सगळीकडे सारखाच येतो, −45.75. गुणिले 20, उत्तर −915. ऋण चिन्ह सांगतं की k वाढवला तर चूक घटेल. ताडून पाहायला k = 0.051 घेतला तर पाणी 21.64 वर येतं आणि चूक 1.34 होते, म्हणजे 0.81 नं घट. ग्रेडियंटच्या हिशेबानं 0.915 घट अपेक्षित होती. पाऊल अगदी बारीक नसल्यामुळे तेवढा फरक पडणारच. दिशा आणि प्रमाण दोन्ही बरोबर.

यात एक गोष्ट आपण गृहीत धरली. मागे येताना प्रत्येक क्षणाचा z लागतो. आपल्याकडे तयार सूत्र होतं म्हणून तो मिळाला, नेटवर्कला असं सूत्र नसतं. टोरांटोच्या निबंधानं इथे खरं धाडस केलं. z साठवायचाच नाही. शेवटचा z हातात आहे आणि वेगाचं समीकरण माहीत आहे, तर काळ उलटा करून सॉल्व्हरला आल्या पावली परत पाठवायचं. z, a आणि ग्रेडियंटची बेरीज तिन्ही एकत्र मागे सोडवत यायची. पावलं शंभर असोत की दहा हजार, स्मृती तेवढीच लागते. a चं समीकरण निबंधाच्या लेखकांचं नव्हे. सोव्हिएत गणिती पोंत्र्यागिन आणि त्यांचे सहकारी 1960 च्या सुमाराला इष्टतम नियंत्रणाच्या सिद्धांतात ते वापरत होते, आणि निबंधात तसं नमूदही आहे.

चमूनं सोबत ‘टॉर्चडिफेक्’ हे सॉफ्टवेअरही खुलं केलं. त्यात ही पद्धत निवडणं एका ओळीचं काम आहे:

```python
from torchdiffeq import odeint_adjoint as odeint
z = odeint(f, z0, t, method="dopri5", rtol=1e-7, atol=1e-9)
```

पहिल्या ओळीत नुसतं `odeint` आयात केलं, तर सॉल्व्हरच्या पावलांमधून नेहमीचं, स्मृती खाणारं बॅकप्रोपगेशन होतं. इतक्या सहज बदलणाऱ्या ओळीमागे किती मोठं गृहीतक आहे, ते वापरणाऱ्याच्या लक्षात येतंच असं नाही.

ते गृहीतक म्हणजे परतीची वाट तीच असेल. आता भांडं पातळ घ्या, वारा सुटू द्या आणि k = 1 धरा. 20 मिनिटांनी जादा उष्णता 60 × e⁻²⁰, म्हणजे जवळपास शून्य. पुढे जाताना सगळं सुरळीत: छोट्या चुका पाण्याबरोबरच विरतात. उलट येताना मात्र तेच समीकरण वाढीचं होतं आणि 20 मिनिटांत कोणतीही चूक e²⁰ पट होते, म्हणजे साधारण साडेअठ्ठेचाळीस कोटी पट. शेवटच्या z मध्ये सॉल्व्हरनं अंशाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक ठेवली असेल, तर उलट हिशेबात सुरुवातीचं तापमान 485 अंशांनी चुकू शकतं. खरं उत्तर 60 आहे! आणि ग्रेडियंट याच खोट्या वाटेवरून काढला जाणार.

यात सॉल्व्हरचा दोष नाही. ज्या समीकरणात माहिती विरत जाते, तिथे ती उलट्या दिशेनं परत मिळवणं मुळातच अवघड असतं. गणितात उलट जाता येतं, मर्यादित अंक पाळणाऱ्या संगणकावर नाही. लबाडी अशी, की प्रोग्रॅम थांबत नाही, लाल अक्षरं दिसत नाहीत. चूक फक्त हळूहळू उतरेनाशी होते आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

ते पकडायचे दोन सोपे मार्ग आहेत. मागे आलेला z(0) आणि आपण दिलेला मूळ z(0) शेजारी ठेवायचे. ते जुळत नसतील तर ग्रेडियंटवर विश्वास नको. दुसरा मार्ग आपण वर k साठी केला तोच: एखादा आकडा किंचित हलवून चूक खरोखर किती बदलली ते पाहायचं.

2019 मध्ये बर्कलीच्या आमिर घोलामी आणि सहकाऱ्यांनी न्यूरल नेटवर्कमध्ये हा दोष स्पष्ट दाखवला आणि मधला मार्ग सुचवला. सगळं साठवायचं नाही, पण काहीच साठवायचं नाही असंही नाही. शंभर पावलांपैकी दर दहाव्या पावलाची स्थिती ठेवायची. मागे येताना जवळची साठवलेली स्थिती उचलायची, तिथून दहा पावलं पुन्हा पुढे चालायची आणि त्या दहांतून नेहमीचं बॅकप्रोपगेशन करायचं. शंभरऐवजी वीसेक स्थितींची जागा लागते आणि जवळपास एक जादा फेरी संगणकाला मारावी लागते. उलट्या काळाचा धोका मात्र राहत नाही. या चेकपॉइंटिंगचा सखोल अभ्यास अँड्रियास ग्रिवांक यांनी 1990 च्या दशकातच केला होता.

हवामानशास्त्रज्ञांना हे सगळं जुनंच. युरोपच्या मध्यम-मुदत हवामान केंद्रात नोव्हेंबर 1997 पासून रोजच्या अंदाजासाठी अ‍ॅडजॉइंट पद्धत वापरात आली. आजच्या निरीक्षणांशी जुळेल अशी काही तासांपूर्वीची वातावरणाची स्थिती कोणती, हे शोधायला लाखो अज्ञात संख्यांचा ग्रेडियंट लागतो, आणि एकेक संख्या हलवून पाहायला जन्म पुरणार नाही. पण ती मंडळी वातावरण उलटं चालवत नाहीत. वाऱ्याचं घर्षण आणि उष्णतेचं पसरणं माहिती पुसून टाकतं हे त्यांना ठाऊक आहे. पुढच्या फेरीतल्या स्थिती साठवून ठेवायच्या आणि मागे फक्त a आणायचं, अशी त्यांची रीत.

नव्या सॉफ्टवेअरमध्येही तोल तिकडेच झुकला आहे. पॅट्रिक किजर यांच्या ‘डिफ्रॅक्स’मध्ये वेगळं काही सांगितलं नाही, तर चेकपॉइंटिंगच वापरलं जातं. काळ उलटा करणारी पद्धत तिथे उपलब्ध आहे, पण ती मागून घ्यावी लागते. k लहान, काळ थोडा आणि स्मृती तुटपुंजी असेल, तेव्हा ती आजही काम भागवते: पहिल्या भांड्याच्या बाबतीत उलट येताना चूक जेमतेम पावणेतीन पट होते.