ताप एकशे चार, घड्याळात साडेतीन

रात्रीचे अकरा. अडीच वर्षांचा मुलगा आईच्या मांडीवर आडवा आणि काखेत डिजिटल थर्मामीटर. आईने काखेतला घाम आधी टिपून घेतलाय आणि दंड अंगाशी दाबून धरलाय, कारण दंड सैल राहिला की आकडा कमी येतो. बीप वाजतं. १०३.२. पण तिला आकड्यापेक्षाही दुसरीच गोष्ट घाबरवते. पोट, पाठ, कपाळ चटका बसावा इतकं गरम, आणि हाताचे-पायाचे तळवे मात्र गार.

घर सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, तालुक्याचं रुग्णालय बारा किलोमीटरवर. जुलैचा पाऊस. नवरा चाकणला कंपनीत रात्रपाळीला. घरात ती, सासूबाई आणि तापलेलं पोर.

तळवे गार का पडतात ते समजलं की निम्मी भीती कमी होते. शरीराची उष्णता किती ठेवायची हे मेंदूतलं हायपोथॅलॅमस नावाचं छोटं केंद्र ठरवतं. जंतूंशी झगडणाऱ्या पेशी काही रसायनं सोडतात आणि त्यांच्या सांगण्यावरून हे केंद्र आपलं लक्ष्य वर नेतं, समजा १०३ वर. आता अंगाचं १०० शरीराला थंड वाटू लागतं. उष्णता वाया जाऊ नये म्हणून कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते. म्हणजे अंग तापलेलं आणि हात-पाय गार याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच, की ताप अजून चढतोय. पुढच्या वीस मिनिटांत आकडा वाढला तर त्यात नवल नाही. थंडी थांबली की तळवे पुन्हा गरम होतात. ते तसे झाले नाहीत, ताप उतरल्यावरही गारच राहिले आणि मूल मलूल पडलं, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा घरी थांबायचं नाही.

सासूबाई गोधडी घेऊन येतात. हुडहुडी असेपर्यंत एखादी पातळ चादर ठीक, गोधडी नको. उष्णता बाहेर जायलाच वाट राहत नाही. मग त्या म्हणतात, "अगं, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या तरी ठेव." ठेवायला हरकत नाही. कपाळ म्हणजे अंगाचा केवढा भाग, त्यामुळे ताप फारसा हलत नाही, आणि मिठाने तर काहीच होत नाही. पण कोणीतरी उशाशी बसून ओला हात फिरवतंय याने पोर शांत होतं, हेही काही कमी नाही. पुसायचंच तर सगळं अंग कोमट पाण्याने पुसावं. बर्फाचं पाणी नको. त्याने कातडी आणखी आकसते, थरथर वाढते आणि ताप आतच कोंडतो. स्पिरिटने तर मुळीच पुसू नये, ते कातडीतून आणि वासातून अंगात जातं.

खरं काम पॅरासिटामॉलचं, आणि चूक होते तीही इथेच. कपाटात दोन बाटल्या निघतात. एक सिरप, ज्यावर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असं छापलंय. दुसरी मूल तान्हं होतं तेव्हाची ड्रॉप्सची, १ मिलीत १०० मिलिग्रॅमची. बाजारात ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचंही सिरप मिळतं. औषध एकच, पण दाटपणा निरनिराळा. म्हणून शेजारणीच्या मुलाला 'साडेसात मिली' लिहून दिलं होतं, हे आपल्या उपयोगाचं नाही. डोस वजनावर काढायचा, किलोला १५ मिलिग्रॅम. अंगणवाडीत गेल्या महिन्यात वजन १२ किलो भरलं होतं. म्हणजे १८० मिलिग्रॅम. तिच्याकडच्या २५०च्या सिरपचे ते ३.६ मिली होतात. तेच १२०च्या सिरपचे साडेसात, आणि ड्रॉप्सचे १.८. शेजारणीचं ऐकून तिने या बाटलीतलं साडेसात मिली पाजलं असतं, तर मुलाच्या पोटात दुपटीहून जास्त औषध गेलं असतं, आणि असे डोस रात्रभर चालू राहिले तर यकृताला झेपत नाहीत. शिवाय स्वयंपाकघरातल्या चमच्याला माप नसतं. तिने सुई काढलेल्या सिरिंजने मोजून दिलं आणि फोनमध्ये लिहिलं: ११.१०, ३.६ मिली. दोन डोसांत निदान चार तास, शक्यतो सहा, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

याच कपाटात अनेक घरांत मेफेनॅमिक अ‍ॅसिड असलेली एक 'जालीम' बाटलीही असते. ताप झटकन उतरतो म्हणून ती लोकप्रिय. पण पावसाळ्यात तापाचं कारण डेंगी असू शकतं, आणि डेंगीत अशा औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आयबुप्रोफेनचंही तेच. मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या एका गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ मध्ये इशाराही दिला. नायमेसुलाइड तर बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. कारण कळलेलं नसताना, रात्री, आपल्या मनाने द्यायचं औषध एकच: साधं पॅरासिटामॉल.

सव्वाबाराला आकडा १०१.४. "उतरला कुठे? अजून आहेच की," सासूबाई म्हणतात. तो तेवढाच उतरायचा होता. पॅरासिटामॉल ताप दीड-दोन अंशांनी खाली आणतं, अठ्ठ्याण्णववर आणून ठेवतंच असं नाही. नाही आणलं म्हणून औषध फसलं किंवा आजार मोठा, असं ठरत नाही. या खाली आलेल्या तासाभराचा उपयोग मात्र मोठा आहे, कारण मूल खरंच कसं आहे ते आता दिसतं. चढत्या तापात कुठलंही पोर गळून जातं. ताप थोडा उतरल्यावर त्याने पाणी मागितलं, आजीच्या चष्म्याकडे हात नेला, 'नको' म्हणून मान फिरवली, तर ते चांगलं लक्षण. ताप उतरूनही ते डोळे नीट उघडत नसेल, ओळख देत नसेल, उचलल्यावर मान टाकत असेल, तर थर्मामीटर बाजूला ठेवून निघावं.

मग ती श्वास मोजते. आशाताईंनी दाखवलं होतं तसं सदरा वर करून, पोटाच्या हालचालीवर नजर ठेवून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. अकरा वाजता, चढत्या तापात, रडताना ४६ आले होते. आता झोपेत ३४. जागतिक आरोग्य संघटनेने आशांसाठी घालून दिलेली रेघ अशी: एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगवान, दोन महिने ते एक वर्ष असेल तर ५०. तापाने आणि रडण्याने श्वास वाढतोच, म्हणून शांत असताना मोजलेलाच खरा. त्याबरोबर बरगड्यांच्या खाली छाती आत ओढली जाते का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का, तेही पाहायचं. यातलं एक जरी दिसलं तरी न्यूमोनियाची शंका धरायची, ताप शंभर असला तरी.

साडेतीनला अंग पुन्हा भाजतं. १०४.

नवऱ्याला फोन जातो. "अहो, एकशे चार झालाय." तिकडून पहिला शब्द, "गाडी बोलावतो." कुठल्याही बापाने हेच म्हटलं असतं. बार्टन श्मिट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९८० मध्ये पालकांच्या या धास्तीवर लिहिलं आणि तिला 'ताप-भय' असं नाव दिलं. तापाने मेंदूला इजा होईल, ही त्यातली मुख्य भीती. संसर्गाच्या तापात तसं होत नाही. तापाला मेंदूच लगाम घालतो, आणि १०६च्या पुढे तो क्वचितच जातो. उन्हात बंद गाडीत अडकलेल्या मुलाची गोष्ट निराळी, तिथे लगामच सुटलेला असतो.

उरली झटक्यांची भीती. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांत दोन ते पाच जणांना तापात कधीतरी झटका येतो. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत थांबतात आणि मागे काही ठेवत नाहीत. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेला तर तातडीने रुग्णालय. आणि पहिल्यांदाच आला असेल, तर थांबला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. तापाचं औषध दिल्याने झटका टळत नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या भीतीपोटी गाढ झोपलेल्या पोराला औषधासाठी उठवण्याची गरज नाही.

म्हणजे १०४साठी या वयाच्या मुलाला पावसात बारा किलोमीटर न्यायला हवं असं नव्हतं. दोन-अडीच महिन्यांचं बाळ असतं, तर १००.४ ला, अकरा वाजताच, काही न मोजता निघायला हवं होतं. तीन महिन्यांखाली बाळ मोठ्या संसर्गातही वरून शांत दिसू शकतं.

पण दुसरा डोस देऊन तिने डायपरला हात लावला तेव्हा तो कोरडा होता. आठवून पाहिलं, शेवटची शू साडेआठला. सात तास झाले होते. ओठ सुकलेले. आकड्याने नव्हे, या कोरड्या डायपरने ती पहिल्यांदा जाण्याच्या तयारीला लागली. तापात पाणी श्वासातून आणि घामातून उडतं, आणि मूल पीत नाही. तिने ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात कालवली. अर्ध्या पुडीचं अर्ध्या लिटरमध्ये, अशा अंदाजाच्या भानगडीत पडली नाही. मग दर दोन मिनिटांनी एक चमचा. ग्लासभर एकदम दिलं असतं तर उलटलं असतं. नवऱ्याला सांगितलं, "पाचपर्यंत बघते. शू झाली नाही, किंवा दिलेलं सगळं उलटून पडलं, तर मी १०८ला फोन करते. तुम्ही तिकडून थेट रुग्णालयात या." जायचं की नाही हा प्रश्न घोळवत बसण्यापेक्षा कशावरून जायचं आणि कधीपर्यंत थांबायचं हे तिने ठरवून टाकलं, आणि मला त्या रात्रीतली ही सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

चार चाळीसला डायपर ओला झाला. रंग गडद पिवळा, पण झाला. १०२.१. श्वास ३६.

सकाळी ओपीडीत डॉक्टरांनी फोनमधली यादी वाचली. वेळ, ताप, औषध किती मिली, शू केव्हा. कान, घसा, छाती तपासली, अंगावर दाबून न जाणारे लालसर ठिपके नाहीत ना ते पाहिलं, काट्यावर वजन घेतलं. अँटिबायोटिक दिलं नाही, रक्तही काढलं नाही.

"तापाचा पहिला दिवस कालचा धरा, ताई. उद्याही ताप राहिला तर रक्त तपासू. आणि परवा परत दाखवायला आणा."

"परवा ताप नसला तर?"

"नसला तरी आणा. डेंगी असेल तर त्रास ताप उतरताना होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोट दुखतंय म्हणाला, उलट्या सुरू झाल्या किंवा झोपूनच राहायला लागला, तर परवाची वाट बघू नका, तसेच या."