शुक्रवारची रात्र नेमकी कुठली?

शुक्रवारी रात्री बाराला आठ मिनिटं कमी असताना एक कामगार पंचिंग करून आत आला आणि आपल्या मशीनपाशी दुसऱ्यालाच उभा पाहून थबकला. "तू इथं कसा? आज तुझी रात्र मी करायची ना?" उभा असलेला उसळला. "आज? काल करायची होती! तुझ्या बहिणीच्या साखरपुड्याला मी जागलो, आणि माझ्या आईच्या ऑपरेशनला तू झोपलास!" पुढच्या मिनिटाला हात कॉलरपर्यंत गेले.

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये घडू शकेल, अशी ही रचलेली गोष्ट. एक कामगार साताऱ्याचा, दुसरा लातूरचा. पाळ्या तीन: सकाळी 7 ते दुपारी साडेतीन, साडेतीन ते रात्री 12 आणि 12 ते सकाळी 7. त्या आठवड्यात सातारकर रात्रपाळीला होता, लातूरकर पहिल्या पाळीला. अदलाबदल चहाच्या टपरीवर तोंडी ठरली होती: "शुक्रवारची रात्र तू कर."

सुपरवायझरने दोघांना मशीनपासून दूर नेलं, पण एकत्र बसवलं नाही. चार माणसांसमोर बोलावं लागलं की माणूस आपलाच मुद्दा ताणत राहतो. सातारकराकडून त्याने मशीन चालू ठेवून घेतलं, लातूरकराला पाणी देऊन घरी पाठवलं आणि सकाळी पाळी सुटल्यावर आधी एकाला, मग दुसऱ्याला केबिनमध्ये बोलावलं. दोघांना प्रश्न एकच: "काय ठरलं होतं, शब्द सांग." दोघांनीही तेच शब्द सांगितले. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

मग त्याने मस्टर, पंचिंगच्या नोंदी आणि उत्पादनाचा लॉग समोर घेतला. गुरुवार संपून 12 वाजले तेव्हा मशीनवर कुणीच आलं नव्हतं. दुसऱ्या पाळीचा माणूस वाट पाहून निघून गेला होता आणि सात तास मशीन बंद होतं. मस्टरवर सातारकरासमोर शुक्रवारची गैरहजेरी लागली होती.

घोळ तिथेच होता. मध्यरात्री सुरू होणारी पाळी मस्टरवर शुक्रवारची, पण बोलण्यात ती गुरुवारची रात्र. सातारकर मस्टरची भाषा बोलला, लातूरकराने घरातली भाषा ऐकली. लातूरकराने शब्द मोडला नव्हता याचा पुरावाही तिथेच होता: शुक्रवारी रात्री 11.52 चं पंचिंग.

तारीख जुळली असती तरी सुपरवायझरने हा सौदा मंजूर केला नसता. रात्रपाळीनंतर लगेच सकाळी 7 वाजता लातूरकराची स्वतःची पाळी सुरू होत होती. ती कोण करणार, हे दोघांनीही ठरवलंच नव्हतं. म्हणजे रात्री 12 ते दुपारी साडेतीन, सलग साडेपंधरा तास तो फिरत्या चकसमोर उभा राहिला असता.

कारखान्यांत अदलाबदलीची नोंद आधी करण्याची शिस्त जुनी आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 63 नुसार, लावलेल्या वेळापत्रकाबाहेर आणि रजिस्टरमध्ये आधी केलेल्या नोंदीबाहेर कामगाराला काम करू देता येत नव्हतं. अपघात झाला तर त्या वेळी मशीनवर अधिकृतपणे कोण होतं, याचं उत्तर तोंडी सौद्यात सापडत नाही.

दुपारी त्याने दोघांना समोरासमोर बसवलं आणि एका कोऱ्या कागदावर दोन रात्री, दोन तारखा आणि त्यांखाली दोघांची पंचिंगची वेळ लिहून दाखवली. लातूरकराने कागद दोनदा वाचला. सातारकर बराच वेळ त्या 11.52 वर बोट ठेवून बसला. "म्हणजे हा आला होता," तो म्हणाला.

"आलोच होतो, दादा."

मग हिशेब झाला. लातूरकराकडे एक रात्र देणं आहे, हे दोघांनी मान्य केलं. सातारकराचा तो दिवस रजेत धरावा, अशी शिफारस सुपरवायझरने लिहिली. मंजुरी मात्र त्याच्या हातात नव्हती, हेही त्याने स्पष्ट सांगितलं. कॉलर धरल्याची लेखी समज दोघांनाही मिळाली. ती टाळली असती, तर उद्या तिसऱ्याला कशी देणार?

त्यानंतर शॉपमध्ये अदलाबदलीची चिठ्ठी आली. तिच्यावर दोघांच्या सह्या, दोघांची पुढची पाळी आणि सुपरवायझरची आधीची मंजुरी. शिवाय त्या मशीनवर काम करण्याची परवानगी दोघांकडेही हवी. पहिली चिठ्ठी या दोघांचीच होती: रात्र लातूरकराची, तिला लागून येणारी सकाळची पाळी सातारकराची. तारखेच्या रकान्यात लातूरकराने आधी नुसतंच 'मंगळवार' लिहिलं होतं. सातारकराने पेन मागून घेतलं आणि पुढे जोडलं, 'सोमवार संपून रात्री 12 वाजता'.