पगारवाढीचं बोलणं: कागद आधी, तारीख त्याच्याही आधी

खासगी कंपनीत पगारवाढीचं पत्र साधारण एप्रिल ते जूनच्या दरम्यान हातात पडतं. आकडा पाहून मन खट्टू होतं आणि मग माणूस साहेबांच्या केबिनचं दार ठोठावतो. त्या दिवशी साहेबांची इच्छा असली तरी त्यांच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं, कारण पैशांची वाटणी त्याआधी कित्येक आठवडे होऊन गेलेली असते.

ही वाटणी होते कशी, ते पाहू. बहुतेक कंपन्यांचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. पुढच्या वर्षी पगारांवर किती टक्के वाढीव खर्च करायचा, याचा अंदाज डिसेंबर-जानेवारीत बांधला जातो. जानेवारी-फेब्रुवारीत सेल्फ अप्रेझलचे फॉर्म भरून घेतात आणि साहेब प्रत्येकाला रेटिंग सुचवतात. मग सगळे विभागप्रमुख आणि एचआर एकत्र बसतात. सगळ्यांनीच आपापल्या माणसांना उत्तम रेटिंग दिलेलं असतं, म्हणून ती खालीवर करून ठरावीक प्रमाणात बसवली जातात. याला कोणी कॅलिब्रेशन म्हणतं, कोणी नॉर्मलायझेशन, आणि कर्मचारी त्याला सरळ ‘बेल कर्व्ह’ म्हणतात. तुमच्या वाढीचा खरा निर्णय या बैठकीत होतो. तुम्ही तिथे नसता. तुमच्या वतीने साहेब बोलतात, आणि एकेका नावाला मिनिट-दोन मिनिटं मिळतात.

म्हणून पुरावा तयार करायचा तो साहेबांना त्या बैठकीत तुमच्यासाठी दोन वाक्यं ठामपणे बोलता यावीत यासाठी, आणि तो त्यांच्या हाती बैठकीच्या आधी पडला पाहिजे. तयारीतलं बाकी सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, चाकणच्या एका कारखान्यात वाहनांचे सुटे भाग मशीनिंग होतात आणि तिथे एक क्वालिटी इंजिनिअर काम करते. तिचा वार्षिक पगार ६ लाख. तिच्याकडच्या एका भागात बोअरचं माप हलत असल्यामुळे बरेच भाग रिजेक्ट व्हायचे. तिने दोन बदल केले. मशीनवरचा इन्सर्ट ४०० भागांनंतर बदलला जायचा, तो २५० भागांनंतर बदलायला लावला. आणि माप घेण्यासाठी एअर गेज आणवला, म्हणजे ऑपरेटरला माप हलतंय हे वेळीच कळू लागलं. सप्टेंबरपासून रिजेक्शन ४.२ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं.

सेल्फ अप्रेझलमध्ये बरेच जण इथेच थांबतात: ‘रिजेक्शन कमी केलं.’ काही जण टक्केवारीही लिहितात. पण विक्री विभागाच्या किंवा अकाउंट्सच्या प्रमुखाला २.६ टक्के म्हणजे किती मोठी गोष्ट, हे कळायला मार्ग नसतो. त्याचे रुपये करावे लागतात, आणि ते आपल्या मनाने करून चालत नाही. एका रिजेक्ट भागामागे कंपनीचं किती नुकसान होतं, हा आकडा कॉस्टिंग विभागाकडे असतो. तो त्यांच्याकडूनच घ्यावा. समजा त्यांनी सांगितलं, भागाची किंमत १८० रुपये आणि भंगारातून ४० रुपये परत येतात, म्हणजे निव्वळ नुकसान १४०. महिन्याला २०,००० भाग बनतात. त्यांचे २.६ टक्के म्हणजे ५२० भाग, आणि महिन्याची बचत ७२,८०० रुपये. सप्टेंबर ते जानेवारी या पाच महिन्यांत ३,६४,००० रुपये झाले.

आता यातून खर्च वजा करायचा. एअर गेजला ६०,००० लागले. इन्सर्ट लवकर बदलल्यामुळे महिन्याला ८,००० रुपये जादा जातात, त्याचे पाच महिन्यांचे ४०,०००. राहिले २,६४,०००. कागदावर हाच आकडा लिहायचा. मोठा आकडा लिहिण्याचा मोह होतो, पण बैठकीत कोणी ‘गेजचा खर्च धरलाय का?’ असं विचारलं आणि साहेबांकडे उत्तर नसलं, तर पुढची सगळी वाक्यं पोकळ ठरतात. खर्च वजा केलेल्या आकड्यावर मात्र कोणी हरकत घेत नाही.

दुसरी चूक तुलनेच्या काळात होते. समजा ऑगस्टमध्ये कास्टिंगचा एक लॉट खराब आला आणि त्या महिन्याचं रिजेक्शन ७ टक्क्यांवर गेलं. ऑगस्ट धरला तर सुधारणा जास्त दिसते, पण ती या इंजिनिअरच्या कामामुळे झालेली नाही. रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये कारण लिहिलेलं असतं, त्यामुळे मापामुळे बाद झालेले भाग तेवढेच वेगळे काढता येतात. म्हणून ४.२ हा आकडा तिने एप्रिल ते जुलै या महिन्यांतल्या मापाच्या रिजेक्शनवरूनच काढायला हवा.

आणि श्रेय. इन्सर्ट लवकर झिजतोय हे आधी ऑपरेटरच्या लक्षात आलं असेल, तर ते कागदावर यायलाच हवं: ‘ऑपरेटरच्या निरीक्षणावरून चाचणी घेतली, नवी वारंवारता ठरवली, गेजचा प्रस्ताव मंजूर करून घेतला.’ यात तिचा वाटा नेमका दिसतो. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर घातलेलं शॉप फ्लोअरवर सगळ्यांना माहीत असतं आणि ते साहेबांच्या कानावर जातंच.

प्रत्येक कामाचे असे रुपये होत नाहीत. अकाउंट्समध्ये महिन्याचा हिशेब आधी नवव्या कामकाजाच्या दिवशी बंद व्हायचा आणि आता पाचव्या दिवशी होतो, हाही तेवढाच भक्कम पुरावा आहे. ऑडिटमधल्या हरकती गेल्या वर्षी किती होत्या आणि यंदा किती, एकजण सोडून गेल्यावर त्याचे किती पुरवठादार तुम्ही सांभाळलेत, हेही चालतं. अट एवढीच की ‘आधी’चा आकडा हवा. तो फेब्रुवारीत आठवून सापडत नाही. वर्षभर एका वहीत तारीख, काम, आधीची स्थिती, नंतरची स्थिती आणि ते कोणाला माहीत आहे, एवढं टिपून ठेवावं लागतं. मात्र कंपनीचे रिपोर्ट स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नयेत. बऱ्याच ठिकाणी तो नियमभंग ठरतो आणि पगारवाढ राहते बाजूला, चौकशी मागे लागते.

आता मागणीचा आकडा. कंपनीची सरासरी वाढ ८ टक्के असेल, तर आपल्या इंजिनिअरला ४८,००० मिळतील. तिला १५ टक्के म्हणजे ९०,००० हवे आहेत, कारण तितक्याच अनुभवाच्या तशाच जागांसाठी आजूबाजूच्या कंपन्या ७ लाखांच्या आसपास देतात. हे साहेबांच्या बाजूने मोजून पाहू. त्यांच्या हाताखाली नऊ माणसं आहेत आणि सोयीसाठी प्रत्येकाचा पगार ६ लाख धरू. एकूण ५४ लाख, त्याचे ८ टक्के म्हणजे वाटायला ४,३२,००० रुपये. हिला ९०,००० दिले तर उरलेल्या आठ जणांसाठी ३,४२,००० राहतात, म्हणजे प्रत्येकी सव्वासात टक्क्यांहूनही थोडे कमी. जास्तीची रक्कम कंपनीच्या तिजोरीतून आपोआप येत नाही. ती शेजारच्या टेबलावरच्यांच्या वाट्यातून येते, नाहीतर साहेबांना वरून जादा मंजुरी आणावी लागते. दोन्हींसाठी त्यांना कारण लागतं आणि वेळ लागतो. घरकर्जाचा हप्ता वाढला, मुलाची फी वाढली, ही तुमची खरी अडचण असते. पण ती त्या आठ जणांनाही आहे, म्हणून साहेबांना ती पुढे करता येत नाही.

यावरून वेळ ठरते. पैशाचा पहिला उल्लेख फेब्रुवारीत झाला तर उशीर झालेला असतो. पहिली भेट दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घ्यावी, आणि तिच्यात आकडा न काढता सरळ विचारावं: ‘सर, यंदा मला सरासरीपेक्षा जास्त वाढ मिळावी अशी माझी अपेक्षा आहे. त्यासाठी तुम्हाला माझ्या कामात काय दिसायला हवं?’ उत्तर मिळालं की कशाचा पुरावा गोळा करायचा ते कळतं, आणि बजेट ठरताना तुमचं नाव साहेबांच्या डोक्यात असतं. दुसरी भेट जानेवारीच्या शेवटी, रेटिंग बंद होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी. तेव्हा एका पानाचा कागद द्यायचा आणि आकडा स्पष्ट सांगायचा. मार्चमध्ये डिस्पॅच आणि टार्गेटची धावपळ असते, तेव्हा हा विषय काढू नये. ग्राहकाचं ऑडिट नीट पार पडलेला आठवडा सर्वांत चांगला.

भेट मागतानाच विषय सांगावा: ‘सर, पगाराबद्दल बोलायचंय, वीस मिनिटं हवी आहेत.’ जाता जाता, चहाच्या वेळी विषय काढला की ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं. ‘बघू’ किंवा ‘एचआरच्या हातात आहे’ असं आलं, तर वाद न घालता तीन गोष्टी विचाराव्यात: निर्णय कोण घेतं, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यांच्यापुढे काय ठेवावं लागेल. ‘बजेटच नाही’ असं आलं, तर मधल्या काळात पगार दुरुस्त करता येईल का आणि कधी, हे विचारावं. त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल पाठवून ठरलेलं लिहून ठेवावं, कारण वर्षाच्या मध्यात साहेब बदलले तर तेवढीच नोंद उरते.

काही दारं मात्र पुराव्याने उघडत नाहीत. तुमचा पगार ग्रेडच्या कमाल मर्यादेला टेकला असेल, तर टक्केवारी मागण्यात अर्थ नाही, बढती मागावी लागते. कारखान्यातल्या कायम कामगारांची वाढ युनियन आणि व्यवस्थापन यांच्या वेतन करारात ठरते. केंद्र सरकारी नोकरीत सातव्या वेतन आयोगानुसार वार्षिक वाढ ३ टक्के, १ जानेवारी किंवा १ जुलैला मिळते आणि ती साहेबांशी बोलून बदलत नाही. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर दाखवून वाढ मिळते हे खरं, पण ते दाखवायचं तर खरोखर जायची तयारी असावी. साहेबांनी ‘जा’ म्हटल्यावर मागे फिरलेल्या माणसाची पुढच्या वर्षी कोणी बाजू घेत नाही.

सगळ्या कंपन्यांचं वर्ष एकसारखं नसतं. काही परदेशी कंपन्या जानेवारी ते डिसेंबर धरतात, काहींची वाढ जुलैत लागू होते, आणि वरचे महिने त्याप्रमाणे सरकतात. म्हणून तुमच्याकडे रेटिंग कोणत्या तारखेला बंद होतात, हे या आठवड्यातच एचआरला विचारून घ्या आणि त्या तारखेच्या तीन महिने आधीची खूण कॅलेंडरवर करून ठेवा.