दुकानातली वर्दळ : वार, तास आणि रंग

दुकानात कोणत्या वारी, कोणत्या तासाला किती ग्राहक येतात हे एका नजरेत दाखवणाऱ्या रंगीत तक्त्याला हीटमॅप म्हणतात. डावीकडे वरून खाली सात वार, वर डावीकडून उजवीकडे तास, आणि प्रत्येक चौकोनात त्या वारच्या त्या तासाची वर्दळ रंगाने भरलेली. तक्ता काढायला संगणकावर पाच मिनिटेही लागत नाहीत. मात्र त्यात भरलेला आकडा, त्या आकड्याला दिलेला रंग आणि वारांचा क्रम यांपैकी एकही चुकला तर तक्ता देखणा दिसतो आणि खोटे सांगतो.

उदाहरणासाठी एक मध्यम आकाराचे किराणा दुकान घेऊ. ते सकाळी आठ ते दुपारी दीड आणि चार ते रात्री नऊ उघडे असते, सोमवारी बंद. (दुपारच्या या विश्रांतीवर पुण्याबाहेर विनोद होतात, तक्त्यात मात्र ती गंभीर अडचण आहे.) दुकानदाराला गल्ल्यावर कोणत्या वेळी किती माणसे बसवायची हे ठरवायचे आहे. हातात आठ आठवड्यांची बिले आहेत आणि प्रत्येक बिलावर तारीख-वेळ आहे. पुढचे आकडे याच कल्पित दुकानाचे.

बिल म्हणजे ग्राहक नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे लागते. चौघांचे कुटुंब आले तरी बिल एकच होते, आणि नुसता भाव विचारून गेलेल्याचे बिल होतच नाही. शिवाय बिलावरची वेळ ग्राहक निघतानाची असते. त्याला रांगेत वीस मिनिटे उभे राहावे लागले असेल, तर सात वाजण्यापूर्वी आलेला माणूस सात ते आठच्या चौकोनात पडतो. दारावर अवरक्त किरणांचा गणक बसवला तर आत शिरणारे मोजता येतात. पण साधा गणक येणारा आणि जाणारा दोघांनाही मोजतो, जोडीने आत आलेल्या दोघांना एकच धरतो आणि दारातून पाच वेळा ये-जा करणारा नोकरही त्यात मिसळतो. गल्ल्यावरची माणसे ठरवायची असतील तर बिलांची संख्याच जास्त उपयोगी, कारण गल्ल्याला काम बिलांचे पडते. जाहिरात किंवा मांडणी कितपत ओढून घेते हे पाहायचे असेल तर दारावरची मोजणी हवी.

वेळेत आणखी एक खोच असते. काही बिलिंग प्रणाली वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे न साठवता ग्रिनिचशी जोडलेल्या जागतिक वेळेप्रमाणे साठवतात, आणि ती आपल्या साडेपाच तास मागे असते. असे झाल्याची खूण ठळक आहे : आठला उघडणाऱ्या दुकानात पहाटे अडीचपासून गिऱ्हाईक दिसू लागते आणि दुपारी साडेतीननंतर चिटपाखरूही नसते. दुरुस्ती तासांच्या मथळ्यांत करून भागत नाही, कारण फरकात अर्धा तास असल्याने प्रत्येक चौकोनात दोन वेगवेगळ्या तासांची भेसळ झालेली असते. मूळ वेळेत साडेपाच तास मिळवून गट पुन्हा पाडावे लागतात.

प्रत्येक चौकोनात आठ आठवड्यांचे आठ आकडे येतात, आणि त्यांचा एक आकडा करायचा असतो. सरासरी सहज सुचते, पण ती एका दिवसाने बिघडते. रविवारी अकरा ते बाराची बिले आठ आठवड्यांत अनुक्रमे ४१, ३८, ४४, ४०, ४३, ३९, ४२ आणि २१० झाली. शेवटचा रविवार दिवाळीच्या तोंडावरचा होता. सरासरी येते ६२, जी यांपैकी एकाही रविवारी आलेली नाही. हेच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा, म्हणजे मध्यक, काढला तर तो साडेएक्केचाळीस येतो. शनिवारी संध्याकाळी सात ते आठचा मध्यक ५६ आहे. सरासरीने रंगवलेल्या तक्त्यात सर्वांत गडद चौकोन रविवार सकाळचा होतो, मध्यकाने रंगवला की शनिवार संध्याकाळचा. आणि वर्षातले बहुतेक आठवडे दुसऱ्या तक्त्यासारखेच जातात. दिवाळीचा आठवडा फेकून द्यायचा नाही, त्याचा हिशेब वेगळा ठेवायचा.

शून्याची चूक याहून लपून राहते. ज्या तासात एकही बिल झाले नाही, त्या तासाची यादीत ओळच नसते. मंगळवारी चार ते पाच या वेळेत आठपैकी पाच आठवड्यांतच बिले झाली : ६, ४, ५, ३ आणि २. संगणक असलेल्या पाच आकड्यांवरून चार असे उत्तर देतो. रिकाम्या गेलेल्या तीन आठवड्यांची शून्ये मिळवली तर सरासरीही अडीच येते आणि मध्यकही अडीचच. म्हणून आधी सर्व वार, तास आणि आठवड्यांची पूर्ण चौकट मांडायची, मग त्यात बिले भरायची आणि दुकान उघडे असताना उरलेल्या जागी शून्य लिहायचे.

बंद वेळेत मात्र शून्य लिहायचे नाही. दुपारी तीन वाजता कोणी आले नाही, याचे कारण शटर खाली होते. असे चौकोन रंगपट्टीबाहेरच्या राखाडी रंगाने किंवा तिरप्या रेघांनी भरतात. आठ ते नऊपर्यंतचे तेरा स्तंभ आणि सात ओळी मिळून ९१ चौकोन होतात; त्यांतले सोमवारचे तेरा आणि उरलेल्या सहा दिवसांचे दुपारी दोन ते चारचे बारा, असे पंचवीस बंदचे, बाकी ६६ उघडे. दोन ते चारचे स्तंभ कामाचे नाहीत म्हणून काढून टाकण्याचा मोह आवरावा, नाहीतर दीड आणि चार शेजारी येतात. दुपारी एक ते दोनचा स्तंभ सर्वांत फसवा. त्यात दुकान अर्धाच तास उघडे असते. नऊ बिले झाली तर तो चौकोन फिका दिसतो, पण ताशी दर अठराचा आहे. दर लिहिला नाही तर दुकान बंद होण्यापूर्वी गर्दी ओसरते, असा चुकीचा समज होतो.

आता रंग. वर्दळ शून्यापासून वर चढत जाते, म्हणून रंगानेही एकाच दिशेने चढत जावे : पांढऱ्याजवळच्या फिक्या निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत. पांढऱ्या कागदावर गडद म्हणजे जास्त हे सांगावे लागत नाही. डोळा कमी-जास्त ओळखतो तो मुख्यतः उजळ-गडद या फरकावरून. इंद्रधनुष्यी पट्टी इथेच चुकते : निळा, हिरवा, पिवळा, लाल या क्रमात सर्वांत उजळ असलेला पिवळा मध्येच येतो. त्यामुळे मधल्या आकड्यांचे चौकोन सर्वांत आधी डोळ्यांत भरतात आणि रंग बदलतो तिथे नसलेल्या सीमा दिसू लागतात. अशी ‘जेट’ नावाची पट्टी मॅटलॅबमध्ये वर्षानुवर्षे आपोआप लागत असे. ती २०१४ साली बदलली गेली. पायथनच्या मॅटप्लॉटलिबनेही २०१७च्या आवृत्तीत तिला निरोप देऊन ‘विरिडिस’ आणली. तिच्यात रंग बदलत असले तरी उजळपणा एकसारख्या पावलांनी चढतो, त्यामुळे कृष्णधवल छपाईतही क्रम टिकतो.

एक्सेलमधली हिरवा-पिवळा-लाल पट्टी इथे दोन कारणांनी नको. लाल-हिरव्यात गोंधळ होणारे लोक थोडे नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत ते सुमारे ८ टक्के आहेत, भारतात त्याहून कमी. दुसरे कारण म्हणजे दोन टोकांना दोन विरुद्ध रंग आणि मध्ये फिका अशी पट्टी ‘मध्य’ नावाची खरी जागा असल्याचे सुचवते. गेल्या वर्षीपेक्षा वर्दळ वाढली की घटली हे दाखवायचे असेल, तर तो मध्य शून्य बदलाचा असतो आणि दुरंगी पट्टी योग्य ठरते. नुसत्या मोजणीला असा मध्य नसतो.

पट्टीच्या पायऱ्या कामावरून ठरवाव्यात. एका बिलाला तीन मिनिटे धरली तर एक गल्ला तासाला वीस ग्राहक उरकतो. सर्वांत मोठा मध्यक ५६ आहे, म्हणून पट्टी शून्यापासून साठपर्यंत, दहा-दहाच्या सहा छटांची ठेवायची. मग दर दोन छटांमागे एक गल्ला, हे दुकानदाराला आकडे न वाचताही कळते. अखंड बदलत जाणारी छटा दिसायला मऊ असते, पण किंमतपट्टीशी जुळवून पाहताना डोळा गोंधळतो. ६६ चौकोन थोडे आहेत, तेव्हा आत आकडेही छापावेत. गडद चौकोनात पांढऱ्या अक्षरांत.

महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत, पगार झाल्यावर, किराणा दुकानातली गर्दी वेगळी असते. त्यासाठी दोन तक्ते काढले तर दोन्हींना एकच पट्टी हवी. संगणकावर सोडले तर तो प्रत्येक तक्त्याचा सर्वांत मोठा आकडा गडद करतो, आणि मंद पंधरवडाही पगाराच्या आठवड्याइतकाच भरलेला दिसतो.

ओळींच्या क्रमाकडे सहसा कोणी बघत नाही. वार हे संगणकाला शब्द वाटतात, आणि तो ते अक्षरक्रमाने लावतो : गुरुवार, बुधवार, मंगळवार, रविवार, शनिवार, शुक्रवार, सोमवार. या क्रमात शनिवार-रविवार योगायोगाने शेजारी आले, पण उलटे. शुक्रवार संध्याकाळपासून चढत जाणारी गर्दी तुटली. भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत आठवडा रविवारी सुरू होतो, त्यानुसार लावले तर शनिवार सर्वांत खाली आणि रविवार सर्वांत वर जातो. कामाच्या आठवड्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण सोमवारचे आहे. या दुकानाला मात्र मंगळवारपासून सुरुवात करणे सर्वांत सोयीचे : साप्ताहिक सुट्टी तळाशी जाते, मंगळवार ते रविवार सलग राहतात आणि शुक्रवार-शनिवार-रविवारचा गडद पट्टा एकसंध दिसतो.

एकूण गर्दीच्या उतरत्या क्रमाने वार लावण्याचा सल्लाही दिला जातो. ओळी-स्तंभ हलवून नमुना उघड करण्याची ही रीत फ्रेंच अभ्यासक झाक बेर्तँ यांनी १९६७च्या ग्रंथात पद्धतशीर मांडली आणि ती मोलाची आहे, पण ज्या ओळींना स्वतःचा क्रम नाही अशांसाठी. दुकानाच्या वीस शाखांची तुलना असेल तर शाखा जरूर गर्दीप्रमाणे लावाव्यात. वारांना आणि तासांना आधीच क्रम आहे. तो मोडला तर काल-आज-उद्याचे नाते जाते. सर्वांत गजबजलेला वार कोणता हे सांगायला उजव्या कडेला बेरजेचा एक स्तंभ पुरतो.

तयार तक्ता वाचताना मध्यकाचा अर्थ विसरायचा नाही : आठपैकी निम्म्या आठवड्यांत त्या तासाला याहून जास्त बिले झाली. रविवारी अकराचा साडेएक्केचाळीस हा आकडा चाळिसाच्या जेमतेम वर आहे, आणि सणाचा रविवार सोडला तरी सात आकडे ३८ ते ४४मध्ये आहेत. तिथे तिसरा माणूस पूर्ण तास बसवण्याऐवजी रांग वाढली की मालाच्या मांडणीवरून उठून येणारा चालतो. शनिवारी सातच्या ५६ला तो बसलेलाच हवा. आणि राखाडी चौकोनांबद्दल तक्ता काहीच सांगत नाही. दुपारी दुकान उघडे ठेवले तर ग्राहक येतील का, याचे उत्तर जुन्या बिलांत सापडणार नाही; त्यासाठी काही आठवडे शटर वर ठेवून पाहावे लागेल, आणि तेव्हा चार ते सहाच्या चौकोनांतली बिले तेवढीच घटली नाहीत ना, हेही तपासावे लागेल.