बर्कहॉफ यांचा सल्ला आणि जुन्या नाण्यांची वजनं

मालवणातल्या बारावी सायन्सच्या मुलीला गणितासोबत संस्कृत आणि प्राचीन इतिहासही शिकायचा असेल, तर? आपल्याकडे बहुतेकदा उत्तर एकच मिळतं, ‘आधी एक काय ते ठरव.’ आता शंभर वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं हार्वर्ड पाहा. गोव्यातल्या कोसबें गावात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी तिथे पदवीला होते. गणितज्ञ बर्कहॉफ यांनी त्यांना सांगितलं की गणितावरच लक्ष दे. कोसंबींनी ते ऐकलं नाही. नाना विषय घेतले, त्यांत उत्तम गुण मिळवले आणि १९२९ साली सर्वोच्च सन्मानासह बी. ए. झाले!

असं करता कसं येत होतं? पदवीसाठी वर्षभराचे सोळा अभ्यासक्रम लागत. त्यांतले निदान सहा एका विषयातले, निदान चार बाहेरच्या गटांतले, बाकीचे मर्जीचे. त्याआधी, अध्यक्ष एलियट यांच्या काळात, जवळजवळ सगळंच मोकळं होतं. मग मुलं सोपे, पहिल्या पायरीचे अभ्यासक्रमच गोळा करू लागली. म्हणून पुढचे अध्यक्ष लॉवेल यांनी ही चौकट आणली.

आणि या भटकंतीतून तयार झालेलं डोकं पुढे काय करतं? कोसंबींनी तक्षशिलेची चांदीची आहत नाणी तराजूत घातली. नाणं हातोहात फिरतं तसं कणाकणानं झिजतं. हजारो नाणी सारखीच झिजत नाहीत, म्हणून सरासरी वजन घटतं आणि वजनांतली तफावत वाढत जाते. हा नियम त्यांनी चलनातल्या आधुनिक नाण्यांवर तपासून घेतला. मग ज्या नाण्यांवर राजाचं नाव नाही, सालही नाही, त्यांतलं आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, हे वजन सांगू लागलं! संख्याशास्त्रज्ञाला हा प्रश्न सुचला नसता, इतिहासकाराला हे गणित जमलं नसतं. याच माणसानं १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली.

आज अमेरिकेतल्या अशा कॉलेजांत चार वर्षांत सहामाहीचे साधारण बत्तीस अभ्यासक्रम असतात. मुख्य विषयाचे दहा-बारा, आणि तो बहुधा दुसऱ्या वर्षाअखेर ठरवायचा. ज्याच्या डोक्यात दोन विषय एकमेकांशी बोलतात, त्याला हे मानवतं. डॉक्टरच व्हायचं पक्कं असेल, तर नाही. आपल्याकडे एमबीबीएस बारावीनंतर सुरू होतं, अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर. खर्चही फार मोठा, आणि परदेशी मुलांना पूर्ण मदत देणारी कॉलेजं मोजकी.

एलियटकाळातला धोका अजूनही आहे. पदार्थविज्ञानाला कॅल्क्युलस आधी लागतं. पहिल्या वर्षी ते सुटलं की पुढची साखळी वर्षभर मागे पडते. तिसऱ्या वर्षीही यादीत फक्त ‘ओळख’ आणि ‘परिचय’ दिसत असतील, तर ती निवड फसली आहे.