मुख्याध्यापकांची फूटपट्टी

मी जिल्हा आवृत्तीवर उपसंपादक होतो तेव्हाची, म्हणजे ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका पतपेढीतल्या अफरातफरीच्या बातमीत आम्ही आरोपीच्या आडनावाऐवजी त्याच गावातल्या एका मुख्याध्यापकांचे आडनाव छापले. पहिले नाव दोघांचे एकच, त्यामुळे गावाला शंकाच उरली नाही. तिसऱ्या दिवशी आमचा खुलासा आला तो सातव्या पानावर, ‘हरवले आहे’ आणि मोटारपंपाची जाहिरात यांच्या मधल्या फटीत. चौथ्या दिवशी गुरुजी कार्यालयात आले. आवाज चढवला नाही. दोन्ही कात्रणे टेबलावर ठेवली, पिशवीतून लाकडी फूटपट्टी काढली आणि मोजून दाखवले. बातमी तीन कॉलम, चौदा सेंटीमीटर. खुलासा एक कॉलम, तीन सेंटीमीटर. ‘‘बदनामी पहिल्या पानावर आणि दिलगिरी सातव्या, हे कुठलं गणित?’’ एवढेच विचारले आणि चहा न घेता निघून गेले.

तेव्हापासून वृत्तपत्रांवर अंकुश कायद्याचा असावा की वृत्तपत्रांनी स्वतःच स्वतःला आवरावे, या वादात कोणी मला बोलावले की मी आधी फूटपट्टी काढतो. परिसंवादवाल्यांना ते आवडत नाही. त्यांना थोर तत्त्वे हवी असतात. एका बाजूचे टिळकांपासून आणीबाणीपर्यंतचा पाढा म्हणतात, दुसऱ्या बाजूचे ‘दात नसलेला वाघ’ ही प्रेस कौन्सिलवरची शिळी उपमा काढतात. खुलासा कोणत्या पानावर छापला जातो, हे मात्र दोघेही विचारत नाहीत.

इतिहास थोडक्यात उरकतो. न्या. राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये प्रेस कौन्सिलची शिफारस केली. कायदा १९६५ चा, कौन्सिल १९६६ ची आणि पहिले अध्यक्ष न्या. मुधोळकर. आणीबाणीत ती गुंडाळली गेली. एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने आपल्या संपादकांना, बी. जी. व्हर्गीसांना, काढल्याचे प्रकरण त्या वेळी कौन्सिलपुढे होते आणि मालक उच्च न्यायालयात गेले होते. कौन्सिलच उरली नाही, तेव्हा निकालही उरला नाही. सरकारने जन्माला घातलेली संस्था सरकार पुसूही शकते, हा धडा आमच्या पिढीने तिथे घेतला. आजची कौन्सिल १९७८ च्या कायद्याची आहे.

तिची घडण मात्र नीट पाहण्यासारखी आहे. अध्यक्ष धरून एकोणतीस माणसे. सहा संपादक, सात इतर श्रमिक पत्रकार, मोठ्या, मध्यम आणि लहान वृत्तपत्रांचे मिळून सहा मालक किंवा व्यवस्थापक, वृत्तसंस्थांचा एक, पाच खासदार, शिवाय साहित्य अकादमी, बार कौन्सिल आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांचे एकेक. म्हणजे कायद्याची म्हणून जिला नावे ठेवतात, त्या संस्थेत अठ्ठावीस सदस्यांपैकी वीस जण धंद्यातलेच. तिला ‘सरकारी’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा बोटांवर मोजावेत. तिच्या हातात समन्स काढण्याचा, साक्षी घेण्याचा अधिकार आहे, पण बातमीचा उगम सांगायची सक्ती पत्रकाराला करता येत नाही. शेवटी ती ताकीद देते, समज देते, नापसंती नोंदवते. दंड नाही, तुरुंग नाही.

तक्रार करायची तर आधी संपादकाला पत्र लिहावे लागते. उत्तराने समाधान झाले नाही, तर दैनिकाच्या बाबतीत छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत कौन्सिलकडे जायचे. सोबत मूळ कात्रण, मजकूर मराठी असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर आणि हे प्रकरण कोणत्याही न्यायालयात प्रलंबित नाही असे प्रतिज्ञापन. आमच्या गुरुजींनी एवढे केले असते का? भाषांतरापाशीच थांबले असते. मी दोन-तीन सुनावण्या पाहिल्या आहेत. दैनिकाच्या बाजूने वकील येतो, तक्रारदार एकटा, हातात प्लास्टिकची पिशवी. निम्मा वेळ ‘हा शब्द मूळ मजकुरात असा नव्हता’ यावर जातो.

तरीही ही संस्था निकामी आहे असे मी कधी म्हटले नाही. उत्तर प्रदेशातल्या बिसौली मतदारसंघाचे प्रकरण घ्या. २००७ च्या विधानसभा निवडणुकीत मतदानाच्या तोंडावर दोन मोठ्या हिंदी दैनिकांत एका उमेदवाराची स्तुती बातमीच्या थाटात आली. पराभूत उमेदवार कौन्सिलकडे गेला. ही जाहिरात होती आणि तसे खाली छापले होते, असा दैनिकांचा बचाव. कौन्सिलने कात्रणे पाहिली. मांडणी बातमीची, अक्षर बातमीचे आणि शेवटी जेमतेम दिसेल असा ‘जाहिरात’ या अर्थाचा तुकडा. दोन्ही दैनिकांना दोष लागला. तो निष्कर्ष हाती घेऊन निवडणूक आयोगाने खर्चाचा हिशेब तपासला. २१,२५० रुपये दाखवलेच नव्हते. ऑक्टोबर २०११ मध्ये निवडून आलेल्या आमदार उमलेश यादव तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या. पैसे देणारीची आमदारकी गेली. मजकूर छापणाऱ्यांना नापसंतीचे दोन शब्द मिळाले. तरी तपास कौन्सिलने केला नसता, तर आयोगाच्या हाती धागाच लागला नसता.

आणि आता आपल्या घरचे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत ‘पॅकेज’ हा शब्द सहलीचा राहिला नाही. एकाच नेत्यावरचा एकच मजकूर, शब्द न् शब्द तोच, एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत वेगवेगळ्या नावांखाली आला. पी. साईनाथ यांनी हा प्रकार उघड केला. कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. दोघांनी साक्षी घेतल्या आणि २०१० मध्ये एकाहत्तर पानांचा अहवाल दिला, वृत्तपत्रांची नावे घेऊन. मग कौन्सिलच्या बैठकीत जे व्हायचे ते झाले. नावे असलेला अहवाल बाजूला ठेवून छोटेखानी, बिननावाचा अहवाल मंजूर झाला. मूळ अहवाल लोकांसमोर आला तो २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. त्या वीस जणांचा हिशेब इथे कळतो. कायद्याने दिलेल्या संस्थेत धंदा आतून बसलेला असतो आणि तो आतूनच दार लावून घेतो.

स्वनियमनात दार उलट्या बाजूने उघडते. २००८ मध्ये वृत्तवाहिन्यांनी न्या. जे. एस. वर्मा यांना अध्यक्ष करून आपले प्राधिकरण काढले. दंडाची मर्यादा तेव्हा एक लाख रुपये. दुसऱ्याच वर्षी एका हिंदी वाहिनीला तो दंड झाला, तर ती संघटनाच सोडून गेली, मग काही काळाने समजूत घालून परतली. जिथे शिक्षा झाली की राजीनामा देता येतो, तिथे शिक्षा ही वर्गणीच ठरते. सुशांतसिंह राजपूत प्रकरणाचा निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये या यंत्रणेला कायद्याचे बळ नाही, असे स्पष्ट म्हटले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारले की एका कार्यक्रमातून जी कमाई होते, तिच्यापुढे एक लाख म्हणजे काय? प्रश्न रास्त आहे. पण रक्कम वाढवली तरी दार उघडेच राहील, हे कोणी बोलले नाही.

इंग्लंडचे गुणगान मला फारसे करवत नाही. आमच्याकडचे काही अभ्यासक लेव्हेसन अहवालाशिवाय वाक्य सुरू करत नाहीत. तिथल्या जुन्या स्वनियमन मंडळाने २००९ मध्ये फोन हॅकिंग चालू असल्याचा पुरावा नाही, असे सांगितले आणि दोन वर्षांत ते विधान गिळले. त्यानंतर कायद्याचा जो चिमटा २०१३ मध्ये तयार झाला, म्हणजे मान्यताप्राप्त मंडळात न आलेल्या वृत्तपत्राला खटला जिंकूनही खर्च भरायला लावण्याची तरतूद, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२४ मध्ये रद्द झाला. एवढे पुरे.

पण तिथली एक गोष्ट मला गुरुजींच्या फूटपट्टीइतकी प्रिय आहे. मार्च २०१६ मध्ये ‘द सन’ने पहिल्या पानभर मथळा दिला की राणीचा ब्रेक्झिटला पाठिंबा आहे. राजवाड्याने ‘इप्सो’ या उद्योगानेच काढलेल्या मंडळाकडे तक्रार केली. आतली बातमी जुन्या संभाषणांवर उभी होती. मथळा मात्र त्या संभाषणांतून निघत नव्हता. इप्सोने मथळा दिशाभूल करणारा ठरवला आणि शिक्षा म्हणून पैसे मागितले नाहीत, जागा मागितली. निकालाचा मजकूर आत दुसऱ्या पानावर आणि त्याचा निर्देश पहिल्या पानावर, जिथे गुन्हा घडला तिथे. संपादकांनी चूक कबूल केली नाही ती नाहीच. पण छापावे लागले. आपल्या खपावर जगणाऱ्या माणसाला पहिल्या पानावरची दोन इंच जागा दुसऱ्याच्या शब्दांसाठी सोडावी लागणे म्हणजे काय, हे ज्याने कधी पहिले पान लावले आहे त्यालाच कळेल. रात्री अकराला दोन इंचांसाठी आम्ही मंत्र्यांच्या बातम्या कापलेल्या आहेत.

गंमत अशी की आपल्या कायद्यात ही फूटपट्टी आहे. कलम १४ मध्ये आहे. चौकशीचा तपशील, वृत्तपत्राचे आणि संपादकाचे नाव धरून, ‘कौन्सिलला योग्य वाटेल अशा रीतीने’ छापण्यास ती वृत्तपत्राला सांगू शकते. रीत म्हणजे पान, रीत म्हणजे मथळ्याचा टाइप, रीत म्हणजे कॉलमची रुंदी. मी अनेकदा लिहिले, बैठकांत बोललो, की निकालातच लिहा: पहिले पान, दुमडीच्या वर, मूळ मथळ्याच्या आकारात. न छापल्यास शिक्षा कायद्यात नाही, हे मला ठाऊक आहे. पण शिक्षा नाही म्हणून जागाही न सांगणे हा आळस झाला. माझ्यावर ‘कंपोझिटरचे तत्त्वज्ञान’ अशी टीका एका विद्वानाने केली होती. ती मी मानाची समजतो. कंपोझिटरला निदान इंच माहीत असतात.

कायदा आणि स्वनियमन या दोन्हींच्या मधला एक रस्ता होता, वाचकांच्या संपादकाचा. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने १९८९ मध्ये माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांना लोकपाल नेमले होते. ‘द हिंदू’ने २००६ मध्ये के. नारायणन यांना वाचकांचे संपादक केले आणि दुरुस्त्यांना ठरलेली जागा मिळाली. रोज तीच जागा, म्हणजे वाचकाला शोधावे लागत नाही. मराठीत हे का रुजले नाही, असे मी मालकांना विचारले होते. एकाने हसून ‘‘जागा कुठून काढायची?’’ असे विचारले. त्याच आठवड्यात सराफांच्या जाहिरातीने त्याचे संपूर्ण पहिले पान झाकले होते.

२०२१ च्या नियमांनी डिजिटल बातम्यांसाठी तीन पायऱ्या सांगितल्या. आधी प्रकाशकाचा तक्रार अधिकारी, पंधरा दिवसांत निर्णय. मग प्रकाशकांचे मंडळ. आणि माथ्यावर मंत्रालयाची समिती. खालच्या दोन पायऱ्यांवर पाटी ‘स्वनियमन’ची, तिसरीवर शिक्का सरकारचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या योजनेच्या मुख्य कलमांना स्थगिती दिली. मला त्या नियमांत सरकारी शिक्क्याइतकेच दुसरेही खटकले होते. दुरुस्ती कुठे आणि किती काळ दिसावी, याची पट्टी कुठेच नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याच गावी गेलो होतो. आता तिथे एका पोर्टलची तरुण वार्ताहर बसते. सकाळी तिने एका अपघाताच्या बातमीत चालकाचे नाव चुकीचे दिले होते, दुपारी ते बदलले. मी तिचा मोबाइल हातात घेऊन खालपर्यंत सरकवला. खुलासा नव्हता. फक्त ‘अद्ययावत’ आणि वेळ.

‘‘दुरुस्तीचं कुठे लिहिलंस?’’

‘‘काका, दुरुस्त केलंय की,’’ ती म्हणाली. ‘‘आता चूक दिसतच नाही.’’

सकाळी ज्या सहाशे जणांनी ती बातमी पुढे पाठवली, त्यांच्या मोबाइलमध्ये काय दिसते, असे मी विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने पडद्यावर बोट ठेवून बातमीच्या मथळ्याची लांबी मोजली, बोटाच्या पेरांनी.